एसीत गॅस भरला म्हणजे लीक दुरुस्त झालं असं नाही, मालवणचा अनुभव

किनाऱ्यावर ज्यांचं घर किंवा होमस्टे आहे त्यांनी हे वाचाच. आमच्या मालवणच्या एका रूममध्ये दीड टनाचा इन्व्हर्टर एसी आहे, आर-३२ गॅसवाला. ऐन मे महिन्यात कूलिंग गेलं, पाहुणे तक्रार करायला लागले म्हणून ओळखीतून एक मेकॅनिक बोलावला. त्याने आउटडोअर युनिटला प्रेशर मोजायचा गेज लावला, म्हणाला गॅस संपलाय, टॉप-अप मारतो, २८०० रुपये. सिलिंडर जोडला, पाईपातली हवा काढतो म्हणून दोन-चार सेकंद फुस्स केलं आणि त्यालाच व्हॅक्यूम म्हणाला! मग काटा १४० वर आला की मला दाखवून, बघा साहेब फुल झाला, पैसे घेऊन गेला. जेमतेम महिना-दीड महिना बरा चालला, मग इनडोअर कॉइलच्या एका बाजूला बर्फ आणि दुसरी बाजू कोरडी. परत तोच आला, परत टॉप-अप, परत २८००.

शेवटी कुडाळहून दुसऱ्याला बोलावलं. तो पहिल्याच वाक्यात म्हणाला, "गॅस संपाक तो काय शेगडीचो सिलिंडर आसा?" एसीतला गॅस बंद पाईपात गोल फिरत असतो, तो खर्च होत नाही, कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेलाय एवढाच अर्थ. आणि कुठून गेला ते बघायला त्याने आधी गेज लावलाच नाही, टॉर्च घेऊन आउटडोअर युनिटचं कव्हर काढलं. कॉइलच्या बाजूला तांब्याचे यू-बेंड असतात त्यातल्या खालच्या एकावर काळपट तेलकट डाग आणि त्याला चिकटलेली धूळ होती, कारण गॅससोबत कॉम्प्रेसरचं ऑइलपण थोडं बाहेर येतं. साबणाचं पाणी लावलं तर बारीक बुडबुडे. खाऱ्या हवेने तिथलं तांबं खाल्लं होतं, आणि पहिल्या माणसाने कव्हरला हातसुद्धा लावला नव्हता.

पुढचं काम नीट बघून ठेवा, पैसे ह्याचेच द्यायचे असतात. उरलेला गॅस आधी मशीनने वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घेतला, कारण आर-३२ पेट घेऊ शकतो, तो आत असताना पाईपावर ज्योत मारायची नाही. मग जॉइंट ब्रेझिंग केला, म्हणजे ज्योतीने धातू वितळवून सांधला, आणि आत नायट्रोजन भरून ४०० पीएसआय प्रेशरला तासभर ठेवलं. काटा हलला नाही, साबणाला बुडबुडा नाही, तेव्हाच पुढे गेला. (ह्या टेस्टला कोणी ऑक्सिजन लावायला लागला तर तिथेच थांबवा, आतल्या ऑइलशी मिळून स्फोट होऊ शकतो.)

नंतर व्हॅक्यूम पंप. लाइन उघडली की हवा आणि दमटपणा आत जातो आणि आपल्याकडच्या हवेत दमटपणा किती ते सांगायला नको. ते पाणी आत राहिलं तर ऑइलमध्ये ॲसिड तयार होऊन कॉम्प्रेसरची वाइंडिंग जाते. व्हॅक्यूममध्ये पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होऊन बाहेर पडतं, म्हणून पंप पाऊण तास तरी चालला. त्याच्याकडे व्हॅक्यूम मोजायचा मायक्रॉन गेज होता, ५०० च्या खाली उतरल्यावर व्हॉल्व्ह बंद करून नुसता बघत बसला. आकडा चढतच राहिला तर लीक, थोडा चढून मध्येच थांबला तर अजून ओल आहे. आमचा किंचित चढून ५०० च्या आतच थांबला.

गॅस मात्र त्याने गेजचा काटा बघून भरला नाही. युनिटच्या प्लेटवर ८५० ग्रॅम लिहिलं होतं, सिलिंडर डिजिटल वजनकाट्यावर ठेवून शून्य केला आणि तेवढाच सोडला. पाईपलाइन कंपनीच्या मापापेक्षा लांब असेल तर मॅन्युअलप्रमाणे मीटरमागे काही ग्रॅम जास्त घालतात, आमची लांब नव्हती. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर स्पीड बदलतो तसं प्रेशरही बदलतं, त्यात बाहेरचं ऊन, त्यामुळे तो १४० चा काटा "फुल झाला" असं काही सांगतच नव्हता.

प्रेशर शेवटी बघितलं, पण टेस्ट मोडवर वीसेक मिनिटं चालवून, आणि सोबत कॉम्प्रेसरचे अँपिअर प्लेटशी जुळवून, आत जाणाऱ्या-बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान मोजून. फरक साधारण १० डिग्री आला. दमट दिवशी थोडा कमी येतो म्हणे, कारण बरीच ताकद पाणी गाळण्यातच जाते, तेवढ्यावरून कोणी "गॅस कमी आहे" म्हणाला तर ऐकू नका.

सगळं मिळून ५२०० घेतले, बिलावर लीकची जागा आणि गॅसचं वजन लिहून दिलं. पहिल्याच्या दोन्ही बिलांवर फक्त "गॅस टॉप-अप". पावसाळ्यानंतर कुडाळवाला सर्व्हिसिंगला आला तेव्हा गेज लावलाच नाही, म्हणाला दर वेळी जोडला-काढला की थोडा गॅस जातोच, अँपिअर आणि हवेचा फरक आधीसारखाच आहे ना, मग कशाला. जॉइंटवर तेवढं साबणाचं पाणी फिरवलं आणि सर्व्हिस व्हॉल्व्हची टोपी पान्याने घट्ट केली.