फॅटवर नजर ठेवली आणि पैसे एसएनएफमधून गेले

दूध डेअरीची पावती हातात आली की बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात: फॅट किती लागली आणि रक्कम किती झाली. फार तर लिटर गुणिले दर करून रक्कम जुळते का ते पाहतात. खाली ज्या पावतीचा हिशेब मांडला आहे, तिच्यात हा गुणाकार पैशापर्यंत बरोबर होता. तरीही गाईचं दूध घालणाऱ्या त्या घराचे प्रत्येक वेळेला साधारण चोवीस रुपये कमी पडत होते. सकाळ आणि संध्याकाळ मिळून महिन्याला हे जवळपास दीड हजार रुपये होतात. एवढ्या पैशात पेंडेचं एक पोतं येण्यासारखं असतं, म्हणून ही पावती नीट समजून घ्यावी.

आधी पावती. सकाळची वेळ, गाय, १४.२ लिटर, फॅट ३.६, सीएलआर २९, एसएनएफ ८.३, दर ३१.३०, रक्कम ४४४.४६. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, आणि सीएलआर म्हणजे लॅक्टोमीटरचं तापमानानुसार दुरुस्त केलेलं वाचन, ज्याला गावात डिग्री म्हणतात. १४.२ ला ३१.३० ने गुणलं की ४४४.४६ येतात. म्हणजे गुणाकारात काहीच खोट नाही. चोरी गुणाकाराच्या आधीच होऊन गेलेली असते.

दर कसा निघाला ते पाहू. त्या डेअरीच्या दरपत्रकात ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला ३३ रुपये होते. फॅटचा एक पॉइंट, म्हणजे ०.१, वाढला तर ३० पैसे वाढ आणि कमी झाला तर ३० पैसे कपात. एसएनएफ मात्र ८.५ च्या खाली गेलं की प्रत्येक पॉइंटला पूर्ण एक रुपया कपात. आता पावती लावून बघा. फॅट ३.६ म्हणजे एक पॉइंट जास्त, ३० पैसे वाढले. एसएनएफ ८.३ म्हणजे दोन पॉइंट कमी, दोन रुपये गेले. ३३ अधिक ०.३० वजा २, म्हणून ३१.३०. इथेही दरपत्रकाप्रमाणे सगळं जुळतं.

आता खरं दूध काय होतं ते. घरच्यांनी चार दिवस दूध डेअरीत नेण्याआधी शिक्का मारलेल्या काट्यावर वजन केलं. त्याच दुधाचा नीट ढवळून घेतलेला नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत गर्बर पद्धतीने तपासून घेतला. वरची पावती ज्या सकाळची, त्या सकाळी वजन १४.६८ किलो होतं आणि फॅट ३.८ लागली. किलोचे लिटर करायला १.०३ ने भागायचं: १४.६८ भागिले १.०३ म्हणजे १४.२५ लिटर. पावतीवर मात्र १४.२. डेअरीचा काटा शंभर मिलीच्या पटीतच आकडा दाखवायचा आणि वरचे पन्नास मिली सोडून द्यायचा. ज्या काट्यावर दशांशानंतर एकच आकडा दिसतो, तिथे हे रोज होतं. म्हणून दहा मिलीपर्यंत दाखवणारा काटा मागायचा.

आता एसएनएफकडे या, कारण खरी गंमत नव्हे, खरी लूट तिथे आहे. जिथे फॅट वेगळ्या यंत्रावर आणि डिग्री लॅक्टोमीटरने घेतात, तिथे एसएनएफ मोजलेलं नसतं, सूत्राने काढलेलं असतं. या डेअरीचं सूत्र असं होतं: सीएलआरचा चौथा भाग, अधिक फॅटची ०.२१ पट, अधिक ०.३६. शेवटचा आकडा सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे आपल्या संघाचं सूत्र लेखी विचारून घ्यावं. खऱ्या फॅटने काढलं तर ७.२५ अधिक ०.७९८ अधिक ०.३६, म्हणजे ८.४०८, पावतीवर ८.४ यायला हवं. फॅट ३.६ लिहिली की तेच ७.२५ अधिक ०.७५६ अधिक ०.३६, म्हणजे ८.३६६ होतं. जवळचा आकडा घेतला असता तरी ८.४ च आले असते. पण संगणकात दशांशानंतर एकच अंक ठेवून पुढचे अंक सरळ कापण्याची सोय करून ठेवलेली होती, म्हणून पावतीवर ८.३ छापलं गेलं.

म्हणजे फॅट दोन पॉइंटने पाडली त्याचे लिटरमागे ६० पैसे गेले, आणि त्या एकाच कारणाने एसएनएफचा पॉइंट घसरला त्याचा लिटरमागे एक रुपया गेला. फॅटवर नजर ठेवणारा माणूस ६० पैशांचं भांडण भांडतो आणि रुपया तसाच जातो. खरा दर ३३ अधिक ०.९० वजा १ म्हणजे ३२.९० हवा होता. १४.२५ लिटरला ३२.९० ने ४६८.८३ रुपये झाले असते. हातात पडले ४४४.४६. फरक २४.३७. त्यातला सुमारे दीड रुपया काट्याचा, साडेआठ रुपये फॅटचे आणि तब्बल १४ रुपये २० पैसे एसएनएफचे.

जिथे एकाच यंत्रात दूध ओढून फॅट आणि एसएनएफ दोन्ही पडद्यावर येतात, तिथे हे सूत्र लागू करून चोरी सापडणार नाही. त्या यंत्रांत दुरुस्तीची सेटिंग असते. यंत्र प्रयोगशाळेशी जुळवून घेण्यासाठी ती दिलेली असते, पण त्याच सेटिंगने फॅट किंवा एसएनएफ ठरावीक आकड्याने कायमचं खाली ठेवता येतं. असं झालं तर फटका एकट्याला बसत नाही, सगळ्या सभासदांना सारखाच बसतो. म्हणून चार-पाच घरांच्या पावत्या शेजारी ठेवून बघा. एका ठरावीक तारखेपासून सगळ्यांचं एसएनएफ एकदम एक-दोन पॉइंटने खाली आलं असेल, तर गाई एका रात्रीत बिघडत नाहीत, यंत्राला हात लागलेला असतो.

उलट, फक्त तुमच्याच पावतीवर आकडा पडला असेल तर आधी गोठ्यात बघा. उगाच सचिवाच्या अंगावर जाऊ नये. संध्याकाळच्या दुधाला फॅट थोडी जास्त आणि सकाळच्या दुधाला कमी लागणं साहजिक आहे, कारण रात्रीचं अंतर मोठं असतं. शेवटची धार नीट काढली नाही तर फॅट पडते, कारण मलईचं दूध शेवटीच येतं. कासदाह झाला की एसएनएफ पडतं. आणि एक गोष्ट कमी जणांना माहीत असते: नुकतंच काढलेलं, कोमट आणि फेसाळ दूध लॅक्टोमीटरवर खऱ्यापेक्षा हलकं दाखवतं. एक डिग्री कमी आली की सूत्रात एसएनएफ पाव टक्का उतरतं, म्हणजे पावतीवर दोन-तीन पॉइंट. या दरपत्रकात ते लिटरला दोन-तीन रुपये झाले. फेस बसू द्या, दूध थोडं निवू द्या, मग मोजायला सांगा. यंत्रातही हवेचे बुडबुडे गेले की आकडे चुकतात.

यंत्र ठीक आहे की नाही हे कळायचा सोपा उपाय म्हणजे एकच दूध दोन नावांवर घालणं. एका भांड्यात दूध चांगलं ढवळा, दोन किटल्यांत वाटा आणि घरातल्याच दोन सभासद क्रमांकांवर, मध्ये दोन-चार जण सोडून घाला. दोन्हींचे आकडे सारखे किंवा एका पॉइंटच्या फरकाचे आले तर यंत्र निदान स्वतःशी खरं आहे. फॅटमध्ये तीन पॉइंटचा फरक आला, तर नमुना नीट ढवळून घेत नाहीत, नळी धूत नाहीत, किंवा आकडा माणूस बघून भरला जातो. पडद्यावरचा आकडा हाताने संगणकात भरत असतील तर तिथे उभं राहूनच बघा. यंत्र संगणकाला थेट जोडलेलं असेल तर ही जागा बंद होते.

आता दहा दिवसांचं बिल. याच घराचं बिल असं होतं: एकूण २८२.४ लिटर, रक्कम ८,८६२ रुपये. कपात: पशुखाद्य दोन पोती ३,३००, उचलीचा हप्ता १,०००, ठेव १४१.२०, इतर १२०. एकूण कपात ४,५६१.२०, हातात ४,३००.८०. बेरीज-वजाबाकी इथेही बरोबर. पण पशुखाद्याची चिठ्ठी त्या दहा दिवसांत एकाच पोत्याची होती. दुसरं पोतं मागच्या बिलात कापून झालेलं होतं. १,६५० रुपये दुसऱ्यांदा गेले, आणि आधीचं बिल फेकून दिलं असतं तर हे सिद्ध करता आलं नसतं.

ठेवीचा आकडा लिटरशी पडताळता येतो: लिटरला ५० पैसे, २८२.४ लिटरला १४१.२०, तो बरोबर होता. ही रक्कम खर्च नसते, ती तुमचीच असते. वर्षाअखेर किती जमली आणि व्याज किती, हे पासबुकात लिहून मागायचं. ‘इतर’ या शब्दाखाली एक रुपयाही मान्य करू नये. कशाचे, कोणत्या ठरावाने, हे विचारलं की यातले बरेच आकडे पुढच्या बिलात गायब होतात.

बिलातल्या ओळीही मोजा. महिन्याच्या १ ते १० आणि ११ ते २० मध्ये दोन्ही वेळा दूध घातलं तर २० ओळी हव्यात. तिसऱ्या बिलात ३१ तारखेच्या महिन्यात २२. ओळ गळते ती बहुधा वीज गेली होती आणि पावती हाताने लिहून दिली त्या वेळेची. हाताने लिहिलेल्या पावतीचा फोटो त्याच क्षणी काढून ठेवावा.

तक्रार करायची तर मोघम करू नका, ‘आमची फॅट कमी लागते’ यावर कोणी काही करत नाही. तारीख, वेळ, सभासद क्रमांक, पावतीवरचे आकडे, दुसऱ्या तपासणीचे आकडे आणि दरपत्रकाप्रमाणे निघणारा फरक, एवढं एका कागदावर लिहा. पहिला अर्ज संस्थेच्या सचिवाला आणि अध्यक्षांना देऊन पोच घ्या. काट्यावर चालू वर्षाचा शिक्का नसेल किंवा आकडे चुकत असतील तर जिल्ह्याच्या वैधमापनशास्त्र कार्यालयाकडे जा, कारण इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी बंधनकारक आहे. दर, कपात आणि संस्थेचा हिशेब यांसाठी दुग्ध विभागाच्या सहायक निबंधकांकडे. नमुना देताना एकाच ढवळलेल्या दुधाच्या दोन बाटल्या भरा, स्वच्छ आणि कोरड्या. एक तपासणीला द्या, दुसरी संस्थेच्या माणसासमोर बंद करून बर्फात ठेवा, म्हणजे दूध तुमचंच होतं का, हा वाद उरत नाही.