काचेला लावायचा सिलिकॉन हूड: सात महिने कार, बस आणि ट्रेनच्या खिडकीतून शूट केल्यावर

हूड घेऊन सात महिने झाले, त्यातले निदान तीस-पस्तीस प्रवास तरी याच्यासोबत झालेत, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी, हा काळ्या सिलिकॉनचा मऊ कर्ण्यासारखा प्रकार असतो, अरुंद बाजू ताणून लेन्सवर चढवायची आणि रुंद बाजू खिडकीच्या काचेला लावायची. मधे आतला उजेड शिरायला जागाच राहत नाही म्हणून रिफ्लेक्शन जातं. एवढं साधं आहे आणि ते खरंच काम करतं.

पण माझा पहिला महिना पूर्ण वाया गेला, आणि दोष हूडचा नव्हता, मी तो काचेला दाबून धरत होते. म्हणून हा रिव्ह्यू मुख्यतः त्या एका गोष्टीबद्दल आहे, बाकी ओघाने येईल.

आधी रिफ्लेक्शन नेमकं कधी त्रास देतं ते बघा. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो, म्हणजे एका काचेचे आतून-बाहेरून मिळून ८ टक्के. बाहेर लख्ख ऊन असेल तर आतल्या उजेडाचे ८ टक्के कुणाला दिसणार, काहीच दिसत नाही. पण तीच ट्रेन दाट झाडीत शिरली किंवा संध्याकाळ झाली की बाहेरचं चित्र काळवंडतं आणि तुमचा पांढरा शर्ट, बाजूच्याचा मोबाईल, डब्यातली ट्यूब सगळं काचेवर उमटतं. म्हणजे क्लिपची सुरुवात स्वच्छ आणि मधेच दहा सेकंद कुणाचा तरी चेहरा डोंगरावर तरंगतोय. एडिटिंगमधे हे निघत नाही, मी प्रयत्न करून झालाय.

तर मी हूड लावला, काचेला घट्ट टेकवला आणि शूट केलं. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर मस्त दिसत होतं. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर लावलं तर रिफ्लेक्शन शून्य पण अख्खं चित्र जेलीसारखं थुलथुलतंय, सरळ इमारतींच्या कडा लाटांसारख्या हलतायत. आधी वाटलं लेन्स बिघडली. मग एकदा बस थांब्यावर उभी होती, इंजिन चालू होतं, सहज काचेला बोटाचं टोक लावलं तर बोट झिणझिणायला लागलं, आणि तिथे उलगडा झाला. खिडकीची काच ही ढोलाच्या कातड्यासारखी असते, चारी बाजूंनी धरलेली आणि मधे मोकळी, इंजिनाची आणि चाकांची बारीक थरथर तिच्यावर सतत चालू असते. आपण कॅमेरा तिला दाबला की ती थरथर सरळ लेन्समधे.

आणि हे नेहमीच्या हादऱ्यासारखं नसतं. खड्ड्याचा धक्का मोठा पण सावकाश असतो, तो स्टॅबिलायझेशन बऱ्यापैकी खाऊन टाकतं. काचेची थरथर इतकी वेगवान असते की एक फ्रेम टिपली जात असतानाच कॅमेरा दोन-तीनदा हलतो, आणि सेन्सर चित्र वरून खाली एकेक ओळ करून वाचत असल्यामुळे वरची ओळ एका जागी आणि खालची दुसऱ्या जागी पडते. सॉफ्टवेअर पूर्ण फ्रेम इकडेतिकडे सरकवून सरळ करू बघतं, पण इथे फ्रेमच आतून वाकडी झालेली असते त्यामुळे बहुतेक वेळा त्याचा उपयोग होत नाही. माझी सगळ्यात वाईट क्लिप चालत्या बसची नाही, उभ्या बसची आहे, इंजिन चालू ठेवून थांबलेल्या.

मग एकदा ट्रेनमधे सरळ रुळांचा लांब पट्टा मिळाला तेव्हा मुद्दाम वीस-वीस सेकंदांच्या तीन क्लिप घेतल्या. पहिली हूड पूर्ण दाबून, दुसरी काचेपासून वीतभर लांब धरून, तिसरी हूडची फक्त ओठासारखी कड काचेला जेमतेम शिवेल अशी. पहिलीत जेली, दुसरी एकदम शांत पण माझी बाही आणि समोरची सीट दोन्ही चित्रात, आणि तिसरी जवळजवळ दुसरीइतकी शांत आणि तरी रिफ्लेक्शन नाही. तेव्हापासून तिसरीच.

करायचं कसं ते नीट सांगते कारण सवय व्हायला मला दोन-तीन प्रवास लागले. हूड काचेला लावा, कड वाकेपर्यंत हलकं पुढे न्या, मग हळूहळू मागे घ्या, कड पुन्हा सरळ होते आणि सुटायच्या बेतात येते तिथे थांबा. कॅमेऱ्याचं सगळं वजन हातावर हवं, काचेवर ग्रॅमभरही नको. कोपर खिडकीच्या पट्टीवर किंवा सीटच्या दांडीवर टेकायचे नाहीत (हात दुखायला लागले की नकळत टेकतातच), ते बरगड्यांशी धरायचे आणि पाठ सीटपासून किंचित पुढे घ्यायची. आपलं शरीर मऊ असतं, बारीक थरथर कंबरेपासून हातापर्यंत येईतो विरून जाते. मोठ्या धक्क्याला कड दोन-तीन मिलिमीटर सुटते आणि परत लागते, तेवढ्या फटीतून येणारा उजेड फारसा दिसत नाही. तरी मी गडद रंगाचा फुल बाह्यांचा शर्ट घालते आणि संध्याकाळी एक काळा सुती कपडा हूडवरून सैल सोडते. हात चार-पाच मिनिटांत भरून येतात, म्हणून छोट्या छोट्या क्लिप घ्या.

जागेचाही फरक पडतो आणि तो मला वाटला होता त्यापेक्षा जास्त आहे. बसमधे चाकावरची आणि इंजिनाजवळची सीट टाळा, ट्रेनमधे डब्याच्या टोकापेक्षा मधली बरी, कारण टोकांखाली चाकांचे सांगाडे असतात. कारमधे अर्थातच चालवणाऱ्याने यातलं काही करायचं नाही, शेजारी किंवा मागे बसणाऱ्याचं काम आहे हे. आणि काच उघडी असली तरी हात किंवा कॅमेरा बाहेर काढायचा नाही.

पोलरायझर फिल्टरबद्दल बरेच जण सांगतात म्हणून त्याला दोन महिने दिले. माझं मत, खिडकीसाठी नको. तो काचेवरचं रिफ्लेक्शन नीट कापतो ते तिरकं बघताना, काचेवर काटकोनात उभ्या रेषेपासून साधारण ५६ अंशांवर, आणि हूड लावून आपण जवळजवळ सरळ समोर बघत असतो तिथे त्याचा परिणाम नगण्य. वर उजेड दीड-दोन स्टॉप खातो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बस-कारच्या बाजूच्या काचा तापवून कडक केलेल्या असतात, त्यांच्यातला ताण पोलरायझरमधून ठिपक्यांच्या किंवा इंद्रधनुषी पट्ट्यांच्या रूपात आकाशावर दिसतो. आधी ते ठिपके नव्हतेच, फिल्टरने आणले.

शटर स्पीडवर मात्र थोडं थांबूया. व्हिडिओला २५ फ्रेमला १/५० ठेवा असं सगळीकडे सांगतात, पण खिडकीतून काय होतं बघा. ट्रेन ताशी ८० किलोमीटरने जातेय म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. १/५० सेकंदात ती ४४ सेंटीमीटर पुढे सरकते. रुळाजवळचा खांब ४४ सेंटीमीटर फासला जाणार, ते ठीक आहे, उलट वेग जाणवतो म्हणून छान दिसतं. दोन किलोमीटरवरच्या डोंगराला ४४ सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही. त्यामुळे डोंगर जर फासलेला दिसला तर समजायचं की ते गाडीच्या वेगामुळे नाही, कॅमेरा थरथरतोय. दोष कुठे आहे हे ओळखायची माझी हीच खूण आहे, क्लिप थांबवून फक्त लांबची कड बघते. थरथर थोडी उरतच असेल तर मी १/२५० पर्यंत जाते, लांबचं धारदार येतं, जवळचं थोडं तुटक दिसतं, ते चालवून घेते.

खांब तिरपे दिसतात त्यावर मात्र शटर स्पीडचा उपाय नाही. माझ्या कॅमेऱ्याला एक फ्रेम वरून खाली वाचायला साधारण १/५० सेकंद लागतो, तेवढ्यात तीच ४४ सेंटीमीटर, म्हणून खांबाचं वरचं टोक आणि खालचं टोक वेगळ्या ठिकाणी पडतं. झूम केलं की आणखी जाणवतं. मी अशा वेळी लेन्स थोडी मागच्या दिशेला तिरकी करते, हूड मऊ असल्यामुळे वीस-पंचवीस अंश सहज वळतो, आणि मागे जाणाऱ्या गोष्टी फ्रेममधे हळू सरकतात.

स्टॅबिलायझेशनचं म्हणाल तर लेन्समधलं चालू, इलेक्ट्रॉनिक बंद. कारण गाडी वळणावर गेली की कॅमेऱ्यातल्या सेन्सरला वाटतं हात फिरतोय, तो चित्र धरून ठेवू बघतो आणि मग एकदम सोडतो, त्यामुळे वळणावर चित्र चिकटल्यासारखं थांबून उडी मारतं. घाटात तर दर वळणाला.

फोकस लांब ठेवून लॉक करा नाहीतर तो काचेवरच्या डागांवर येतो. मी एफ ४ च्या आसपास राहते, एफ ११ ला काचेवरचा प्रत्येक डाग ठळक दिसतो. व्हाइट बॅलन्सही लॉक, रंगीत काचेचा हिरवट झाक एकदा एडिटिंगमधे काढता येतो पण दर क्लिपमधे बदलत राहिला तर नाही.

मोबाईलला हा हूड बसत नाही, पण त्याची गरजही कमी आहे. लेन्स इतकी लहान असते की मोबाईल काचेपासून चार-पाच मिलिमीटरवर धरला तर त्याच्याच सावलीत ती येते. फक्त टेकवायचा नाही, आणि स्क्रीनवर लांबच्या जागी बोट दाबून ठेवून AE/AF LOCK करायचं. काचेला सक्शन कपने मोबाईल लावून ठेवणाऱ्यांना एक सांगते, ॲपलने २०२१ मधे स्वतःच लिहिलंय की मोटरसायकल इंजिनाच्या जोरदार कंपनांनी आयफोनचं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस खराब होऊ शकतं. कार-बसची थरथर त्यापेक्षा सौम्य असते पण तासन् तास काचेला चिकटवून ठेवायचं माझं धाडस नाही.

आता हूडच्या तक्रारी. सिलिकॉनला धूळ आणि कपड्याचे धागे भयंकर चिकटतात, दर दोन प्रवासांनी धुवायला लागतो. पिशवीत दुमडून ठेवला तर कड वाकडी बसते, माझी तिसऱ्या महिन्यात तशी झाली आणि त्या बाजूने उजेड यायला लागला, कोमट पाण्यात ठेवून बरीचशी सरळ झाली, तेव्हापासून उघडाच ठेवते. २४ मिमीच्या खाली वाइड गेलात तर कोपरे काळे होतात. आणि दुहेरी काच असलेल्या एसी डब्यात हूड अर्धंच काम करतो, बाहेरून येणारा दिवा दोन काचांच्या मधे आपटून त्याची फिकट जुळी प्रतिमा दिसते, तिथे हूड पोचूच शकत नाही. दिवसा चालतं, पण रात्री दिव्यांच्या शहरातून जात असाल तर मी कॅमेरा काढतच नाही.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी नदीवरच्या पुलावरून ट्रेन गेली, डब्यात सगळे दिवे चालू, बाहेर फक्त पाण्यावरचा उरलेला उजेड. ४० सेकंदांची क्लिप आहे, एका जागी धक्क्याने कड सुटली तिथे डाव्या कोपऱ्यात क्षणभर ट्यूबची रेघ येते, बाकी फक्त नदी.