प्रोजेक्टर बंद पडला तर: झेरॉक्स की फळा?

विषय समजा सह्याद्रीचा पाऊस, वेळ वीस मिनिटं. स्लाइड्स दिसल्या नाहीत तर हाताशी दोन पर्याय असतात.

पहिला, सगळ्या स्लाइड्सच्या झेरॉक्स वाटणं. तयारी शून्य, पण लोक पुढची पानं चाळत बसतात आणि रंगीत नकाशा काळा ठिपका होऊन येतो.

दुसरा, फळ्यावरचं भाषण. डावीकडे समुद्र, मग कोकण, उभा घाट, उजवीकडे उतरतं पठार, एवढी एकच रेघ. तिच्यावर महाबळेश्वर: वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पूर्वेला वीसेक किलोमीटरवर पाचगणी: त्याच्या निम्म्याहून कमी. वारा चढताना थंड होऊन बरसतो, उतरताना तापून कोरडा होतो, हे बाण काढत सांगायचं. चित्र बोलण्याच्या वेगानेच वाढतं, म्हणून कुणी मागे पडत नाही. मात्र लिहायला वेळ जातो. पंधरा स्लाइड्समधले तीनच मुद्दे उरतात. कोणते, ते आदल्या दिवशीच कार्डावर लिहून ठेवावं, ऐनवेळी नेमकं महत्त्वाचंच गळतं.

मी फळाच निवडेन. सभागृह मोठं असेल आणि मागच्या रांगेला फळा दिसत नसेल, तरच झेरॉक्स. तीही आलेखाच्या एकाच पानाची, आणि आलेखाची वेळ आली की वाटायची.