ग्राइप वॉटर, थेंब की घुटी? तान्ह्या बाळासाठी घेण्याआधी

नौपाड्यात असो की कोपरखैरण्यात, मेडिकलमध्ये जाऊन "बाळाच्या पोटदुखीवर काहीतरी द्या" म्हटलं की एकतर ग्राइप वॉटरची बाटली पुढे येते, नाहीतर पोटदुखीच्या थेंबांचा खोका. घरी आजी सहाण घेऊन बसलेली असतेच. खोक्यांवरची गुटगुटीत बाळं सारखीच हसतात, आतला माल मात्र अगदी निराळा असतो. माझा दिवस अशाच एका काउंटरमागे जातो, म्हणून यातला फरक सांगते. निवड तुमची.

आधी रडण्याविषयी. बाकी सगळं ठीक असलेलं, नीट पिणारं, वजन वाढणारं बाळ संध्याकाळ झाली की तास न् तास टाहो फोडतं, पाय पोटाशी घेतं, लालबुंद होतं. त्याला कॉलिक म्हणतात. जुना ठोकताळा असा: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून किमान तीन दिवस. हे रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप निवळतं. गॅसमुळेच होतं असं सिद्ध झालेलं नाही. बाळ रडता रडता हवा गिळतं, म्हणून पोट फुगलेलं लागतं.

आता ऐरोलीतल्या एखाद्या घरात पाच आठवड्यांचं बाळ आहे असं धरा. रडं टिपेला पोचत आलंय, म्हणून आजच बाटली आली. पहिला आठवडा काही फरक नाही, डॉक्टर म्हणतात थांबा, आजी म्हणते देत राहा. आठव्या-नवव्या आठवड्यात रडणं कमी झालं. घरचे म्हणणार, औषध लागू पडलं. पण बाटली आणली नसती तरी त्या आठवड्यात ते कमी होणारच होतं. इमारतीतल्या चार जणी एखाद्या औषधाची खात्री देतात, त्यातली निम्मी खात्री इथून येते.

ग्राइप वॉटर १८५१ साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने काढलं. मूळ पाण्यात शेपूचं तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि चक्क मद्य होतं. ब्रिटनमध्ये ते मद्य १९९२ मध्ये काढावं लागलं. आज आपल्याकडच्या बाटल्यांत बहुधा शेपूचं किंवा बडीशेपेचं तेल, सोडा, गोडवा आणि टिकवण्यासाठीची रसायनं असतात. कित्येक बाटल्यांवर आयुर्वेदिक औषध असं छापलेलं असतं, म्हणून लोक डोळे मिटून देतात. बाळ चमचाभर पिऊन गप्प होतं, हे खरं. पण तान्ह्या बाळाच्या जिभेवर गोड पडलं की ते काही मिनिटं शांत होतंच. सुई टोचताना दवाखान्यात साखरेचं पाणी देतात ते याचसाठी. पोटातलं काही बरं झालं असा त्याचा अर्थ नाही, आणि ग्राइप वॉटरने कॉलिक जातं याला भक्कम पुरावा नाही.

तोटा कशात आहे? सहा महिन्यांपर्यंत बाळाला अंगावरच्या दुधाखेरीज काही नको, हा साधा नियम मोडतो. शिवाय पोटातून काही द्यायचं म्हटलं की त्याच्या स्वच्छतेचा भरवसा लागतो. अमेरिकेत २००७ मध्ये सहा आठवड्यांचं एक बाळ आजारी पडल्यावर एका ग्राइप वॉटरमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा परजीवी सापडला आणि माल परत घ्यावा लागला. मग ओट्यावर उघडी पडलेली बाटली, झाकणानेच पाजलेला डोस, महिनाभर जुना उरलेला माल यांचं काय सांगायचं!

थेंबांत दोन वेगळ्या जाती आहेत, आणि मला खरं सांगायचंय ते इथेच. पहिल्या जातीत सिमेथिकोन असतं, बरेचदा शेपू आणि बडीशेपेच्या तेलासोबत. सिमेथिकोन बुडबुडे फोडतं, रक्तात शोषलं जात नाही, त्यामुळे धोका कमी. पण चाचण्यांमध्ये ते आत औषधच नसलेल्या नुसत्या दिखाऊ थेंबांपेक्षा सरस ठरलेलं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं तर हरकत नाही, फार आशा ठेवू नका इतकंच.

दुसऱ्या जातीत डायसायक्लोमिन असतं. हे आतड्याचा पीळ सैल करणारं औषध. मोठ्यांच्या लहान कॅप्सूलमध्ये ते दहा मिलिग्रॅम असतं, आणि काही थेंबांच्या अवघ्या एका मिलिलिटरमध्येही तेवढंच. रडणं यानं खरंच कमी होतं, म्हणूनच हे फसवं. सहा महिन्यांखालच्या बाळांना ते देऊच नये असा इशारा त्याच्या माहितीपत्रकात असतो, कारण तान्ह्या बाळांमध्ये श्वास अडखळणं, झटके येणं, अंग लुळं पडणं, बेशुद्धी आणि मृत्यूही नोंदले गेले आहेत. अशी लक्षणं डोसनंतर काही मिनिटांतच दिसल्याचं त्यात म्हटलंय. आता हिशोब मांडा: कॉलिक चौथ्या महिन्यापर्यंत संपतं आणि औषध सहाव्या महिन्याआधी चालत नाही. म्हणजे कॉलिकसाठी ते देण्याची योग्य वेळ येतच नाही.

आणि नावं इतकी जवळजवळची असतात की पुढे-मागे दोन अक्षरं बदलली की जात बदलते. म्हणून शेजारणीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला बाटलीचा फोटो दाखवून मागू नका. खोका उलटा करा, बारीक अक्षरांत Dicyclomine किंवा Dicycloverine लिहिलंय का ते बघा. लिहिलं असेल तर तो जागीच परत करा.

डॉक्टर कधी कधी लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी हे जिवाणूंचे थेंब लिहून देतात, रोज पाच थेंब. अंगावर पिणाऱ्या बाळांत त्याने रडणं कमी झाल्याचा बऱ्यापैकी पुरावा आहे, डब्याच्या दुधावरच्या बाळांत तेवढा नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मात्र ते मनाने देऊ नये.

राहिली घुटी. मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, हिरडा, सुंठ... प्रत्येकाचे एक-दोन वेढे. यात कोणाचा हात किती जड पडतो यावर डोस ठरतो. जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगतं. वेखंडात बीटा-अ‍ॅसरोन नावाचं घातक द्रव्य असतं, म्हणूनच अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. मधाचं बोट तर एक वर्षापर्यंत अजिबात नको. त्यातून अंग लुळं पाडणाऱ्या बोट्युलिझम या आजाराचे बीजाणू जाऊ शकतात. बेंबीभोवती हिंगाचा लेप लावायचा असेल तर लावा, त्वचा लाल झाली तर धुवा, पण पोटात देऊ नका. आजीला सांगायचं कसं? "आई, सहा महिने डॉक्टर काही नको म्हणालेत," एवढंच पुरतं. डॉक्टरांवर ढकललेलं घरात चालतं.

मग ऐरोलीच्या त्या घराने काय घ्यावं? माझं मत, काहीच नाही. दूध पाजून उभं धरून ढेकर काढायची, खांद्यावर घेऊन अंधाऱ्या खोलीत फिरायचं, आई थकली की बाबाने किंवा आजीने घ्यायचं. राग अनावर झाला तर बाळ पाळण्यात ठेवून दोन मिनिटं बाल्कनीत जायचं. बाळाला रागाने गदागदा हलवायचं मात्र कधीच नाही.

हे सगळं बाळ बाकी ठणठणीत असेल तर. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप, हिरवी उलटी, शीतून रक्त, दूध सोडणं, लघवी कमी होणं, टणक पोट, किंवा नेहमीपेक्षा क्षीण कण्हणं, यातलं काहीही असेल तर ते कॉलिक समजू नका. हातापायाच्या बोटाला केस गुंडाळला गेलाय का, जांघेत गाठ आहे का, तेही कपडे काढून बघा. आणि कोणतेही थेंब दिल्यावर बाळ सुस्त पडलं, श्वास थांबत-थांबत घेऊ लागलं, तर रात्र असली तरी थेट इस्पितळ गाठा: ठाण्याकडे कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईत वाशीचं पालिका रुग्णालय. जाताना बाटली आणि खोका सोबत घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न "काय दिलं, किती दिलं" हाच विचारतील.