प्रास्ताविकातल्या सूचना: सगळ्या एकदमच सांगाव्या की तीन वेळा थोड्याथोड्या?

वरुड-मोर्शीकडच्या एखाद्या मोठ्या गावात संत्रा उत्पादकांची परिषद ठरली आहे. बिछायत केंद्रवाल्याला इसार गेला, पत्रिका छापून आल्या आणि प्रास्ताविक तुमच्या गळ्यात पडलं. स्वागत करायचं, दिवसभराच्या वेळा सांगायच्या, जेवणाचं सांगायचं आणि काही झालं तर बाहेर कसं पडायचं तेही सांगायचं. आता हे सगळं सुरुवातीच्या भाषणात एका दमात सांगायचं, की त्याचे तुकडे करून ज्या-त्या वेळी सांगायचे, हे तुम्हाला ठरवायचं आहे. दोन्ही पद्धती आमच्याकडे चालतात. माझं मत दुसरीकडे झुकतं, पण पहिलीलाही तिची जागा आहे.

तुलनेसाठी एक चित्र डोळ्यांसमोर धरू. शाळेचं पटांगण, चारशे खुर्च्यांचा मांडव, तिन्ही बाजूंनी कनात. कमान रस्त्याच्या अंगाला, मंच तिच्या समोर. उजव्या अंगाला शेजारीच जेवणाचा वेगळा मांडव आणि मंचाच्या मागे, थोडं दूर, आचाऱ्याची भट्टी. पत्रिकेवर वेळ दहाची.

पहिली पद्धत, म्हणजे एकदम सगळं, साधारण अशी असते: "व्यासपीठावरील मान्यवर आणि जमलेल्या माझ्या शेतकरी बांधवांनो आणि भगिनींनो, आपलं सहर्ष स्वागत. पहिलं सत्र साडेअकरा ते एक, त्यानंतर भोजन, दुसरं सत्र दोन ते साडेतीन, मग चर्चा आणि समारोप. भोजनाची व्यवस्था शेजारच्या मांडवात केली आहे. काही आपत्ती आल्यास बाहेर जाण्याचे मार्ग दोन आहेत, समोर आणि उजवीकडे. सर्वांनी सहकार्य करावं ही विनंती."

कागदावर यात काही खोट नाही. बोलणाऱ्याला सोपं, एकदा म्हटलं की सुटका. ऐंशी-शंभर माणसांची बैठक असेल, ग्रामपंचायतीच्या सभागृहात सगळे वेळेवर येऊन बसले असतील आणि दार डोळ्यांसमोरच असेल, तर हेच करा. तिथे तुकडे पाडत बसणं म्हणजे उगाच माइक अडवणं.

चारशेच्या मांडवात मात्र हे भाषण होतं तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. दहाची वेळ छापली की लोक साडेदहापासून यायला लागतात आणि खरी गर्दी होते ती पाहुण्यांच्या गाड्यांबरोबर. म्हणजे वाटांची माहिती ऐकतात ते वेळेवर येऊन पुढे बसलेले थोडे लोक. मागच्या रांगांत कनातीला टेकून बसलेल्यांनी ती ऐकलेलीच नसते. शिवाय सत्रांच्या वेळा, भोजन आणि आपत्ती एकाच चालीत म्हटली की लोक एकच गोष्ट लक्षात ठेवतात: जेवण एकला.

"उजवीकडे" या शब्दानेही घोळ होतो. मंचावर उभ्या असलेल्याची उजवी बाजू म्हणजे समोर बसलेल्यांची डावी. म्हणून बाजू सांगू नका, खूण सांगा: हापशी, शाळेचा व्हरांडा, पाण्याची टाकी. आणि हात लांब करून दाखवा.

दुसऱ्या पद्धतीत तेच बोलणं तीन ठिकाणी विभागायचं. वाटा दीपप्रज्वलनाच्या आधी. वेळा स्वागतासोबत. जेवणाचं जेवणाच्या दहा मिनिटं आधी. पहिला तुकडा असा: "राम राम मंडळी. समई लावायच्या आधी एक मिनिट. तुम्ही आत आलात ती कमान, तिथे निळ्या टोपीतला दादा हात वर करून उभा आहे. दुसरी वाट हापशीच्या अंगाला, तिथेही एक दादा हात वर करून आहे. जरा मान वळवून दोघांकडे बघून घ्या. काही झालं तर जी वाट जवळ ती धरायची आणि शाळेच्या टाकीजवळ जमायचं. गाड्यांकडे पळायचं नाही." सावकाश बोलूनही एवढ्याला मिनिटभरच लागतं. मान वळवायला लावणं यात सगळ्यात महत्त्वाचं, कारण बघितलेली वाट ऐकलेल्या वाटेपेक्षा पक्की राहते. पाहुणे येऊन बसले आणि मांडव भरला की हेच दोन वाक्यांत पुन्हा सांगायचं. पाहुण्यांना ते खटकत नाही, त्यांनाही कमानीशिवाय दुसरी वाट ठाऊक नसते.

माइकवरून वाट दाखवल्याने काय होतं, याचं एक जुनं उदाहरण अमेरिकेतलं आहे. केंटकी राज्यातल्या बेव्हर्ली हिल्स सपर क्लबला २८ मे १९७७ च्या रात्री आग लागली. आतल्या मोठ्या दालनात विनोदी कार्यक्रम चालू होता. वॉल्टर बेली नावाचा, टेबलं आवरणारा अठरा वर्षांचा पोरगा मंचावर चढला, त्याने माइक घेतला आणि बाहेर जायच्या वाटा कुठे आहेत ते दाखवून लोकांना निघायला सांगितलं. त्या रात्री १६५ माणसं गेली, पण त्याच्या त्या थोड्या शब्दांनी कितीतरी वाचली. काहींना मात्र तो कार्यक्रमाचाच भाग वाटला आणि ते बसून राहिले. आपल्याकडे शेरोशायरी करणाऱ्या सूत्रसंचालकाकडे ही सूचना देऊ नये असं मी म्हणतो ते याचमुळे. तो गंभीर बोलला तरी लोक पुढच्या चारोळीची वाट बघतात. वाटा आयोजकानेच सांगाव्या.

मांडवाच्या बाबतीत तर आपल्याच देशातला दाखला आहे. हरियाणातल्या डबवालीत २३ डिसेंबर १९९५ ला शाळेच्या कार्यक्रमात मांडवाने पेट घेतला. वर कृत्रिम कापड, खाली खच्चून गर्दी आणि बाहेर पडायला वाट जवळपास एकच. चारशेहून अधिक माणसं गेली, त्यात मुलं फार. आपल्या मांडवाचं कापड आजही बहुतेक तसंच असतं. पेटलं की ते वितळून थेंबाथेंबाने खाली पडतं.

आता जेवण. माझ्या मते दुसऱ्या पद्धतीचा खरा फायदा इथे आहे, आणि तो वाटांशीच जोडलेला आहे. घाबरलेली माणसं जिथून आत आली तिथूनच बाहेर जायला बघतात, दुसरं दार चार पावलांवर असलं तरी. नुसतं सांगून ही सवय मोडत नाही. पण दुपारी जेवायला जाताना कमानीतून न सोडता हापशीच्या वाटेने सोडलं, तर जेवणं आटोपेपर्यंत चारशेही माणसं ती वाट स्वतःच्या पायांनी चाललेली असतात. म्हणून जेवणाच्या सूचनेतच वाट सांगा: "जेवायला सगळ्यांनी हापशीकडून जायचं, परतही तिकडूनच यायचं. आधी चांदूर बाजार आणि मोर्शीकडची मंडळी, मग वरुड तालुका, शेवटी आपण गावकरी."

पंगत असेल तर हा क्रम सांगावाच लागतो. शंभरची एक पंगत वाढून, जेवून, उठून, जागा पुसून अर्धा तास घेते. चारशे माणसांच्या चार पंगती म्हणजे दोन तास, आणि दोनचं सत्र तीनला. बुफेला दोन्ही बाजूंनी वाढणारी दोन टेबलं लावली तर तासाभरात आवरतं, पण म्हाताऱ्या माणसांना ताट हातात धरून उभं राहणं जड जातं. त्यांच्यासाठी एक छोटी पंगत आणि बाकीच्यांना बुफे, हा मधला मार्ग बरा, मात्र तोही माइकवर सांगावा लागतो. नाहीतर सगळे पंगतीतच बसतात.

एकदम सांगण्याच्या पद्धतीत "सत्र संपल्यावर भोजन" एवढंच बोललं जातं. मग बारा वाजता पाटवडीच्या रश्श्याचा वास आला की मागच्या रांगा आपोआप पातळ व्हायला लागतात. घड्याळाची वेळ सांगा आणि वक्ता रंगात आला असला तरी पाळा. मधुमेहवाल्यांना गोळी नाहीतर इंजेक्शन जेवणाच्या वेळेवर घ्यावं लागतं, ते विचारत नाहीत, नुसते चुळबुळत बसतात. संपण्याची वेळही अशीच ठाम हवी: "साडेचारला संपेल, पाचची एसटी मिळेल." एवढं वाक्य ऐकलं की बाहेरगावची माणसं शेवटपर्यंत बसतात.

दुसऱ्या पद्धतीची किंमतही आहे. तीन वेळा माइक तुमच्या हातात यावा लागतो, आणि सत्र अध्यक्षांकडे गेलं की तो सहजी परत मिळत नाही. आदल्या दिवशीच त्यांना सांगून ठेवा की एकला दहा कमी असताना मी उभा राहीन. निळ्या टोपीचे दोन स्वयंसेवक दिवसभर जागेवर राहतील असेच लागतात. सेल्फी काढायला मंचाकडे पळणारी पोरं तिथे नकोत. आणि तेवढी माणसं हाताशी नसतील तर पहिली पद्धतच धरा, पण क्रम बदला: वाटा आधी, वेळा नंतर, जेवण शेवटी.

कोणतीही पद्धत घेतली तरी भाषणाआधी अर्धा तास मांडवाला एक फेरी मारावीच लागते, नाहीतर तुम्ही माइकवर खोटं बोलाल. आमच्याकडे दुसऱ्या वाटेचं हमखास काय होतं, तर तिथे सावली असते म्हणून मोटारसायकली लागतात. एक लागली की दहा लागतात. सकाळी दहालाच तिथे उभं राहून "कोणाची आहे जी ही गाडी? काढा ना भाऊ" म्हणावं लागतं. जनरेटरही बरेचदा त्याच कोपऱ्यात ठेवतात, तार कमी लागते म्हणून. तो हलवायला लावा. मग कनात बघा. बिछायतवाला वाट सोडतो म्हणतो, पण वाऱ्याने कापड फडफडतं म्हणून रात्री कोणीतरी सुतळीने गच्च बांधून टाकतं. गाठ एका हाताने सुटते का ते स्वतः ओढून बघायचं. दोन्ही हात आणि दात लागत असतील तर ती वाट बंदच समजा. कापड पूर्ण वर गुंडाळून ठेवणं सगळ्यात बरं, थोडी धूळ आली तरी चालेल.

भट्टीकडेही एक नजर टाका. पोळी-भाजीच्या गॅसपेक्षा मला रोडग्यांची भीती जास्त वाटते. गोवऱ्यांचा आर उघड्यावर असतो, आणि फाल्गुनातल्या वावटळीने त्यातली एक ठिणगी कनातीपर्यंत यायला वेळ लागत नाही. वारा मांडवाकडे वाहत असेल तर आर दुसऱ्या अंगाला करायला सांगा आणि पाण्याची दोन पिंपं जवळ भरून ठेवा. आचारी कुरकुरेल, करतो.

उन्हाच्या दिवसांत मात्र मांडवात आगीपेक्षा चक्कर येऊन पडणारं माणूसच जास्त बघायला मिळतं. त्यासाठी पहिल्याच तुकड्यात एक वाक्य घाला: "कोणाला बरं वाटत नसेल तर शेजारच्याने हात वर करावा, आमचा माणूस येईल." १०८ ला फोन कोणी करायचा ते एका माणसाला नेमून द्या. चारशे जण असले की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने केला असेल. रुग्णवाहिका कमानीपर्यंत येईल एवढी जागा मोकळी ठेवा, पाहुण्यांच्या गाड्या तिथे लावू देऊ नका.

राहता राहिली वीज. ती गेली की माइक गेला, आणि वाटा सांगायची खरी गरज नेमकी तेव्हाच पडू शकते. बॅटरीवरचा हातातला भोंगा भाजीवाल्याकडूनही दिवसापुरता मिळतो. तो मंचावर ठेवा, आदल्या रात्री चार्ज करून.