बँकेच्या मेलला उत्तर देऊन मी खात्री केली, आणि तिथेच १,३७,००० रुपये गेले

हे लिहायला मला दोन महिने लागले, कारण लाज वाटत होती. मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं हिशेब बघतोय. बँकेशी रोज संबंध येतो. माझ्यासारख्या माणसाने फसावं, हे घरच्यांना सांगतानाही जीभ अडखळत होती. आता लिहितोय, कारण गेल्या पंधरवड्यात आमच्या इंदिरानगरमधल्या आणखी दोघांना तसाच मेल आला आणि त्यातल्या एकाने माझ्यासारखंच केलं: मेलला उत्तर देऊन विचारलं, "हा खरा आहे का?"

शुक्रवार, ९ जानेवारी. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ऑफिसमध्ये मेल आला. वर बँकेचं नाव, बँकेचं चिन्ह. मजकूर असा की बँकांचे संकेतस्थळाचे पत्ते बदलले आहेत, त्यामुळे ग्राहकांनी आपली माहिती नव्याने भरून द्यावी, नाहीतर चोवीस तासांत खातं गोठवलं जाईल. खाली लिंक.

कुणी म्हणेल, हे तर सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण पत्ते बदलल्याची बातमी खोटी नव्हती. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत `.bank.in` या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, आणि मी ते पेपरात वाचलेलं होतं. दुसरं म्हणजे, माझ्या बायकोचं खातं आदल्याच वर्षी केवायसी राहिली म्हणून खरोखर बंद पडलं होतं आणि ते चालू करायला तिला तीन चकरा माराव्या लागल्या होत्या. तिसरं, सोमवारी १२ तारखेला मुलीची कॉलेजची फी भरायची शेवटची तारीख होती. त्यासाठीचे पैसे याच खात्यात होते, १,४१,२६० रुपये. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, बँक बंद. खातं गोठलं तर फी कशी भरणार? त्या दिवशी डोक्यात एवढंच होतं.

तरीही मी लिंक दाबली नाही. मेलला उत्तर लिहिलं: "सदर मेल आपल्या बँकेकडूनच आला आहे का, कृपया खात्री द्यावी." मला वाटलं, मी शहाण्यासारखं वागलो.

माझी चूक इथे आहे. उत्तर लिहिताना वरच्या ओळीत, ज्याला पाठवायचं त्याच्या जागी, जो पत्ता आला तो बँकेचा नव्हता. कुणालाही दोन मिनिटांत काढता येईल असा फुकटातला पत्ता होता तो. पुढे बँकेच्या नावाची तीन अक्षरं आणि मग आकडे. मी तो पाहिला. नजर त्याच्यावर पडली हे मला आजही स्पष्ट आठवतं, कारण मनात आलं होतं की असेल यांच्या एखाद्या विभागाचा. कारखान्यात कुणी पुरवठादाराने असल्या पत्त्यावरून खातेबदल कळवला असता तर मी त्याला फोन केल्याशिवाय एक रुपया सोडला नसता. स्वतःच्या पैशांच्या वेळी मात्र ते डोळ्यांसमोर असून सोडून दिलं.

हे कसं होतं ते नंतर आमच्या ऑफिसमधल्या संगणकाचं काम बघणाऱ्या मुलाने दाखवलं. मेल पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहू शकतो. त्याशिवाय मेलमध्ये `Reply-To` नावाची वेगळी नोंद असते. ती भरली की तुमचं उत्तर, मेल आला त्या पत्त्यावर जात नाही, त्यांनी ठरवलेल्या पत्त्यावर जातं. जीमेलमध्ये नावाखालचा छोटा बाण दाबला की तपशील उघडतो, तिथे `reply-to` ची ओळ दिसते. मेल कुठल्या डोमेनवरून पाठवला गेला तेही तिथेच `mailed-by` समोर दिसतं. तो बाण मी आयुष्यात कधी दाबला नव्हता. तुम्ही आज दाबून बघा, आणि `reply-to` मध्ये भलताच पत्ता दिसला तर पुढचं वाचूही नका.

माझ्या प्रश्नाला सोळा मिनिटांत उत्तर आलं. "होय, मेल बँकेचाच आहे, आमचे अधिकारी आपल्याशी संपर्क साधतील," आणि खाली दहा आकड्यांचा संदर्भ क्रमांक. आमच्या शाखेत पासबुक भरून घ्यायला अर्धा तास जातो. त्या बँकेचं उत्तर सोळा मिनिटांत येतं? तेव्हा मला ते चांगलं वाटलं.

आणि माझ्या उत्तराखाली माझी सही होती. ऑफिसच्या सवयीने ठेवलेली: पूर्ण नाव, हुद्दा, कारखान्याचं नाव, मोबाईल नंबर. त्यांच्याकडे तोवर फक्त माझा ईमेल पत्ता होता, बाकी सगळं मीच पुरवलं. रात्री पावणेनऊला फोन आला तो स्वच्छ मराठीत. "सर, आपण दुपारी शंका विचारली होती, त्याबद्दल बोलतोय." नाव घेऊन, संदर्भ क्रमांक सांगून. ज्याला मी स्वतः प्रश्न विचारला होता, त्याच्यावर संशय कसा यावा? बायको आत संक्रांतीचे तीळ भाजत होती, मी बाहेरच्या खोलीत मोबाईल कानाला लावून लिंक उघडली.

पानावर ग्राहक क्रमांक, जन्मतारीख, पॅन, मग डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे. केवायसीला कार्डाचे मागचे तीन आकडे लागत नाहीत, कुठल्याच बँकेत. मी विचारलं तर तो म्हणाला, "कार्ड नव्या पत्त्याला जोडायचंय सर." मग ओटीपी. टाकला. पानावर आलं, चुकीचा आहे, पुन्हा टाका. पुन्हा टाकला. पुन्हा तेच. तीन वेळा.

ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम लिहिलेली असते. त्या तिन्ही मेसेजमध्ये होती. पण फोनवर बोलणं चालू असताना मेसेज उघडला कोणी? कीबोर्डच्या वर सहा आकडे आपोआप येतात, त्यावर बोट टेकवलं की झालं. मी मेसेज वाचलाच नाही. ८.५२ ला ४९,५०० रुपये, ८.५६ ला ४९,५००, ९.०३ ला ३८,०००. एकूण १,३७,०००. खात्यात उरले ४,२६०.

त्याने फोन ठेवला तेव्हा मला कळलं.

बँकेच्या हेल्पलाइनवर कार्ड बंद करायला बावीस मिनिटं गेली. आधी भाषा निवडा, मग जाहिरात ऐका, मग कार्डाचा नंबर टाका. कार्ड बंद झाल्याचा तक्रार क्रमांक ९.२९ ला आला. तो मेसेज जपून ठेवा, त्यावरची वेळ महत्त्वाची आहे. मग सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, १९३० लावला. चौथ्या प्रयत्नात लागला, तेव्हा पावणेदहा झाले होते. तिथे प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ विचारतात, म्हणून बँकेचे मेसेज पुसू नका. फोनवरच्या बाई शांतपणे बोलल्या, एवढं मी मान्य करतो. शेवटच्या व्यवहारातले २१,३०० रुपये पुढच्या एका खात्यात अडवले गेले. मी आधी १९३० लावला असता तर कदाचित जास्त अडले असते. पैसे पुढे सरकवायला त्यांना मिनिटं पुरतात.

पुढचं मात्र ऐकून घ्या. शनिवारी पोलीस ठाण्यात गेलो. ते म्हणाले, सायबर पोलिसांकडे जा. तिथे गेलो. ते म्हणाले, `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदलीय ना, मग बँकेचा शिक्का असलेला उतारा आणा. बँक दोन दिवस बंद. सोमवारी शाखेत गेलो तर तिथले अधिकारी म्हणाले, आधी पोलिसांची प्रत आणा, मग उतारा देतो. माझ्याच खात्याचा उतारा! द्वारकेच्या वाहतुकीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फेऱ्या झाल्या, कामावर दोन दिवसांची रजा पडली. आणि प्रत्येक खुर्चीवरून एकच वाक्य: "ओटीपी तुम्हीच दिला ना?" हो, दिला. ते पहिल्या दिवशीच लिहून दिलंय. पण माझ्या कार्डावरून कधीही हजार-दोन हजारांपेक्षा मोठी ऑनलाइन खरेदी झालेली नाही, आणि अकरा मिनिटांत तीन मोठ्या रकमा गेल्या तरी बँकेला एक फोन करावासा वाटला नाही, याचं उत्तर कोण देणार?

बँकेचं लेखी उत्तर आलं ते रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा आधार देऊन. ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. नियम तसाच आहे, मी वाचला. म्हणूनच तक्रार क्रमांकाची वेळ जपा म्हणतोय. पण त्याच परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकलाय, त्याबद्दल उत्तरात अवाक्षर नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार केली आहे. बँकेने तक्रार फेटाळली किंवा तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर तिथे जाता येतं, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. अजून निकाल नाही. अडवलेले २१,३०० सुद्धा अजून मिळालेले नाहीत.

खात्री करायची तर मेलमधल्या कुठल्याही गोष्टीवरून करू नका. त्यातला नंबर नाही, लिंक नाही, उत्तराचं बटण तर नाहीच. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा, नाहीतर पासबुक घेऊन शाखेत जा. लिंकवरचा पत्ता `https://` सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी, उजवीकडून वाचा. माझ्या लिंकमध्ये बँकेचं नाव होतं, bank होतं, in पण होतं, मधे बारीक रेघा होत्या आणि शेवट भलताच होता. असा:

```
bankname-bank-in.kyc-update.example/login
```

खरा पत्ता `.bank.in` वर संपतो. आणि केवायसी दर वर्षी लागत नाही. कमी जोखमीच्या खात्याला दहा वर्षांनी लागते. माझी २०१९ मध्ये झालेली होती. कागद कपाटात होता.

फी मेव्हण्याकडून पैसे घेऊन भरली. त्याचे अजून ६०,००० द्यायचे आहेत.

गेल्या मंगळवारी बँकेचा मेसेज आला, त्यातही लिंक. मी मोबाईल घेऊन थेट शाखेत गेलो आणि विचारलं, हा तुमचाच आहे का? समोरच्या अधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला, शेजारच्या टेबलाला दाखवला, मग मुख्य कार्यालयाला फोन लावला. वीस मिनिटांनी म्हणाले, "आमचाच आहे वाटतं." वाटतं!