बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड : आरओ की ॲल्युमिना?

यवतमाळ जिल्ह्यातल्या मामेबहिणीच्या बोअरच्या पाण्यात लिटरला 4 मिलिग्रॅम फ्लोराइड निघालं. भारतीय मानकाची कमाल मर्यादा 1.5 आहे. मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे आलेत. असंच पाणी वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं आणि सांधे आखडतात. उकळून उपयोग नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं.

आरओ चांगला असेल तर सुमारे 90 टक्के फ्लोराइड काढतो, म्हणजे 4 चं 0.4 होतं. पण वीज लागते, आणि 20 लिटरमधलं 10 लिटर वाया गेलं तर त्यात फ्लोराइड जवळपास 7.6 असतं. ते पाणी जनावरांना पाजू नका.

सक्रिय ॲल्युमिना म्हणजे फ्लोराइड धरून ठेवणारे दाणे. त्याला वीज लागत नाही, पाणीही वाया जात नाही. मात्र पाणी क्षारीय असेल तर ॲल्युमिना लवकर दमतं. मग कॉस्टिक सोड्याने धुऊन, आम्लाने उदासीन करावं लागतं. हे घरी करायचं काम नाही. खरा धोका असा, की ते संपलं तरी चव बदलत नाही आणि टीडीएस मीटरही सांगत नाही. फ्लोराइडचीच चाचणी हवी.

बिहार-बंगालकडच्या आर्सेनिकचं गणित वेगळं. तिथल्या भूजलात त्याचं बरंचसं रूप विद्युतभाररहित असतं, ते दोन्हींतून बऱ्यापैकी निसटतं. आधी क्लोरीनने ऑक्सिडीकरण करावं लागतं, आणि क्लोरीन आरओचा पडदा खराब करतं.

वीज नियमित असलेल्या एका घराला आरओ बरा. वीज बेभरवशाची असेल आणि दाणे बदलणारं, पाणी तपासणारं कुणी असेल, तर ॲल्युमिना.